दहा कंपन्या टार्गेट केल्यात, पण पर्चेसच्या दारातच अडकलोय (ऑटोमेशनचं छोटं दुकान, कोल्हापूर)

पॅनेलवाला

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगावात आमचं ऑटोमेशनचं छोटं युनिट आहे, आम्ही सात जण. पॅनेल बनवतो, मशीन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग, जुन्या मशीनला मोटरचा वेग सांभाळणारे व्हीएफडी, थोडंफार स्काडा. वर्षाला पावणेदोन-दोन कोटी होतात पण त्यातले सत्तर टक्के दोनच गिऱ्हाइकांकडून येतात आणि त्यातल्या एकानं यंदा नवीन कामं बंद केलीत. तेव्हा डोळे उघडले.

मग ठरवलं की शंभर ठिकाणी कार्ड वाटत फिरण्यापेक्षा दहाच कंपन्या पकडायच्या आणि वर्षभर त्यांच्याच मागं लागायचं, ज्याला अकाउंट बेस्ड मार्केटिंग म्हणतात ते. यादी अशी: पाच फाउंड्र्या (तीन शिरोलीत, दोन कागल पंचतारांकित एमआयडीसीत), दोन साखर कारखाने, इचलकरंजीचं एक प्रोसेस हाऊस, एक डेअरी आणि एक मोठं मशीनशॉप. नावं लिहीत नाही, इथं निम्मं गाव वाचतंय.

दहाही ठिकाणी पर्चेस मॅनेजरला कंपनीचं प्रेझेंटेशन आणि ब्रोशर मेल केलं, आठवड्यानं फोन केला. सात जणांनी "बघतो" म्हटलं, दोघांनी व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म पाठवला, आणि एकानं चाळीस कॉन्टॅक्टरचे रेट मागितले. मी रात्री बसून कोटेशन केलं, नंतर कळलं की मटेरियल आधीच ठरलेलं होतं, फाईलला तीन कोटेशनं लागतात म्हणून तिसरं माझं. दोन महिने गेले. नेमकं चुकतंय कुठं?

मीनल_पुणे

दादा, यादी दहाची केलीत हे बरोबर केलंत पण मेसेज दहाही ठिकाणी एकच गेला, म्हणजे पत्रकंच वाटलीत फक्त कमी लोकांना. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत हेच काम करते. आमच्याकडे एका कंपनीतले सहा-सात लोक शोधतो, लिंक्डइनवर जोडून घेतो, मग दर चार दिवसांनी एक टच असा एकवीस दिवसांचा सिक्वेन्स. पहिला मेल, मग लिंक्डइन, मग केस स्टडी, मग फोन. एखादं मेल ऑटोमेशनचं टूल घ्या, कोणी मेल उघडला ते पण दिसतं.

उद्यमनगरी

ताई, आमच्या फाउंड्रीचा मेंटेनन्स इन्चार्ज लिंक्डइनवर आहे, फोटो २०१६ चा आहे आणि पासवर्ड त्यालाच आठवत नाही 😄 आणि चार दिवसाला एक मेल म्हंजे चौथ्या मेलला ब्लॉक. इथं माणूस सकाळी साडेआठच्या चहाला भेटतो नाहीतर शिफ्ट बदलताना.

सीए_कट्टा

चांगला विषय काढलात. अकाउंट बेस्ड म्हणजे गिऱ्हाईकवार खातं वेगळं ठेवून येणी बघणं, हे प्रत्येक छोट्या उद्योजकानं करायलाच पाहिजे. ४३बी(एच) कलम आल्यापासून तर हे फारच महत्त्वाचं झालंय. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेल आणि तुम्ही मायक्रो किंवा स्मॉलमध्ये बसत असाल तर समोरच्यानं लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर तो खर्च त्याला त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. दहाही पार्ट्यांची एजिंग शीट काढा, मी फॉरमॅट देतो.

पॅनेलवाला

सीए साहेब, या दहांकडून अजून एक रुपया येणं नाही हो, एजिंग कशाची काढू 😅 अकाउंट म्हणजे इथं टार्गेट कंपनी. पण मुद्दा वाया गेला नाही, आम्ही मायक्रोमध्येच बसतो आणि कोण किती दिवसांनी पैसे सोडतं हे यादी करताना बघितलंच नव्हतं.

सीए_कट्टा

अच्छा, माझा गोंधळ झाला. तरी सांगतो, उद्यममध्ये नोंद मॅन्युफॅक्चरर म्हणून आहे ना बघा, नुसते ट्रेडर असाल तर याचा उपयोग नाही. आणि ज्या प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड आहेत त्यांच्या कर्जाच्या चार्जेसची, म्हणजे कर्जासाठी काय तारण दिलंय त्या नोंदींची यादी कंपनी मंत्रालयाच्या एमसीए साइटवर दिसते. एखाद्या कंपनीवर नुकताच मशिनरीवर नवा चार्ज चढलाय म्हणजे टर्म लोन घेतलंय, काहीतरी येतंय. पार्टनरशिप फर्मचं मात्र तिथं काही सापडणार नाही.

वाळूमास्तर

हे चार्जेसचं चांगलं सांगितलंत.

मी फाउंड्रीत सव्वीस वर्षं काढली, आधी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मग सँड प्लांट. व्हेंडर लोकांना दारात ताटकळत ठेवायचं कामही केलंय 😀 म्हणून पलीकडल्या बाजूनं सांगतो.

तुमचा घोळ पर्चेसपासून सुरू झाला. पर्चेसकडं काम तयार होऊन येतं, तिथं काम जन्माला येत नाही. ऑटोमेशनचं काम फाउंड्रीत जन्माला येतं ते कुणाच्या तरी रोजच्या डोकेदुखीतून, आणि प्रत्येकाची डोकेदुखी वेगळी. मेंटेनन्सवाल्याला रात्री दोनला फोन येतो त्याची भीती. सँड लॅबवाल्याला सकाळच्या मीटिंगमध्ये "कास्टिंगला ब्लोहोल कशानं आले" म्हणून उभं करतात त्याची. मोल्डिंगवाल्याला आकडा पाहिजे, किती बॉक्स पडले. मालकाला दिसतं वजन आणि रिजेक्शन. तुम्ही दहाही ठिकाणी "आम्ही पीएलसी, व्हीएफडी, स्काडा करतो" लिहिलंत, यातल्या एकाच्याही डोकेदुखीचं नाव त्यात नाही.

दुसरं म्हणजे सात जणांचं दुकान दहा कंपन्या एकदम धरू शकत नाही. बाहेर फिरणारे तुम्ही एकटेच ना? मग एका वेळी तीनच. बाकी सात यादीत राहू देत, फक्त कान उघडे ठेवा. पाचातली एक फाउंड्री घ्या आणि तिच्याबद्दल काय माहीत आहे ते इथं लिहा, म्हणजे बोलता येईल.

पॅनेलवाला

साहेब लई बरं झालं. यादीतली तीन नंबरची घेतो. शिरोलीतली, एक हाय प्रेशर मोल्डिंग लाईन, महिन्याला चारशे टनाच्या आतबाहेर, ट्रॅक्टर आणि पंपाचे पार्ट. सँड मिक्सरचं पॅनेल जुनं आहे, आत पीएलसी आहे पण पाणी टायमरवर सोडतात असं आमच्या एका वायरमनच्या भावानं सांगितलं, तो तिथं कॉन्ट्रॅक्टवर आहे. मालकाचा मुलगा आता बघायला लागलाय. मेंटेनन्स इन्चार्जला ओळखतो फक्त चेहऱ्यानं, स्मॅक या शिरोलीच्या उद्योजकांच्या संघटनेच्या एका कार्यक्रमात बघितलेलं. बाकी पाटी कोरी.

शिरोलीकर

जुनं पीएलसी म्हणजे एस७-३०० असेल तर काम झालंच भावा. सिमेन्सनं ती सीरिज फेज आउटला टाकलीय, २०२३ पासून. थेट जाऊन सांगायचं की बॅटरी गेली की प्रोग्रॅम उडणार, लाईन बंद. घाबरून ऑर्डर देतात. मी अशाच तीन घेतल्या.

वाळूमास्तर

शिरोलीकर, अर्धं बरोबर. फेज आउट झालीय हे खरं, पण स्पेअर अजून मिळतात, २०३३ पर्यंत देणार असं कंपनीनंच सांगितलंय, त्यामुळं उद्या बंद पडेल ही भीती खोटी. आणि ३०० च्या नंतरच्या सीपीयूत प्रोग्रॅम मेमरी कार्डवर असतो, बॅटरीच नसते त्यात. बॅटरीवर प्रोग्रॅम टिकतो तो एस५ मध्ये किंवा मित्सुबिशीच्या जुन्या एफएक्स२एन सारख्यांत. चुकीच्या पीएलसीला बॅटरीची भीती घातली आणि समोरच्याला माहीत असलं तर त्या दारात परत जायची सोय राहत नाही.

भीती न घालता विचारायचा प्रश्न वेगळाय: "साहेब, या पॅनेलच्या प्रोग्रॅमचा बॅकअप कुणाकडं आहे?" दहापैकी किती ठिकाणी उत्तर येईल सांगू? "तो जुन्या इंजिनिअरच्या लॅपटॉपवर होता, तो गेला पुण्याला." हा प्रश्न मेंटेनन्सवाल्याच्या पोटात गोळा आणतो, आणि तोही खऱ्या कारणानं.

पॅनेलवाला

म्हणजे बॅकअप घेऊन देतो म्हणून आत शिरायचं?

वाळूमास्तर

हो, पहिलं काम तेच ठेवा. एका दिवसाचं काम, चार-पाच पॅनेल, प्रत्येकाचा प्रोग्रॅम, एचएमआय स्क्रीनचा प्रोग्रॅम, ड्राइव्हचे पॅरामीटर, आतल्या कार्डांचे नंबर, फोटो, सगळं एका पेनड्राइव्हवर आणि एक प्रिंट त्यांच्या फाईलला. यातून त्यांचं काम होतं आणि तुम्हाला अख्खा प्लांट आतून दिसतो, जे शंभर मेलमधून दिसत नाही.

दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो तेवढे लक्षात ठेवा. मशीन बनवणाऱ्यानं पासवर्ड टाकलेला असेल तर तिथं हात लावू नका, तसं लिहून द्या. वॉरंटीतलं मशीन सोडून द्या. ३०० मधून अपलोड केलं की प्रोग्रॅम येतो पण कॉमेंट आणि सिम्बॉलची नावं येत नाहीत, हे आधीच सांगा, नाहीतर नंतर म्हणतील अर्धवट दिलंत. आणि लॅपटॉप जोडण्याआधी मेंटेनन्सकडून लेखी परवानगी, दोन ओळींची का असेना. तुम्ही जोडलेलं असताना लाईन दुसऱ्याच कारणानं थांबली तरी बिल तुमच्या नावावर फाटतं.

सुताचा_धागा

हे फुकट करायचं की पैसे घ्यायचे? मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊसना एनर्जी ऑडिट फुकट करून द्यायचो. रिपोर्ट घेतला, आणि त्याच रिपोर्टवर दुसऱ्याकडून काम करून घेतलं. एकानं तर माझा रिपोर्ट माझ्याच स्पर्धकाला व्हॉट्सॅपवर पाठवला, त्यानं तो चुकून मला फॉरवर्ड केला. हसावं का रडावं.

शिरोलीकर

पहिलं फुकटच. पैसे म्हटलं की परत पर्चेस आलं, परत फॉर्म, परत तीन कोटेशनं. फुकट म्हटलं की मेंटेनन्सवाला गेटपास स्वतः काढतो.

वाळूमास्तर

मी पैसे घ्या म्हणेन. किती ते महत्त्वाचं नाही, पण मेंटेनन्सवाल्याला स्वतःच्या अधिकारात मंजूर करता येतील एवढेच. बऱ्याच ठिकाणी त्याच्या हातात दहा-पंधरा हजारांपर्यंतची सही असते, ती मर्यादा आधी शोधून काढायची. एक पीओ निघाली की तुमचा व्हेंडर कोडही तयार होतो, म्हणजे पुढचं मोठं काम येतं तेव्हा रजिस्ट्रेशनमध्ये महिना जात नाही. फुकट काम केलं की कोड निघत नाही. पण शिरोलीकर म्हणतात तेही काही ठिकाणी खरंच आहे, नवरा-बायकोच चालवतात अशा छोट्या फाउंड्रीत पीओ वगैरे कोण बघतंय.

मीनल_पुणे

मी टूल वगैरे म्हटलं ते मागे घेते 🙂 पण एक विचारते, हे सगळं लक्षात कसं ठेवणार? कोण भेटलं, काय म्हणालं, हे डोक्यात राहत नाही. आणि पुढं सरकतंय की नाही हे कशावरून ओळखायचं? आमच्याकडे निदान स्कोअर तरी असतो.

पॅनेलवाला

ताई, एक्सेल केलीय. प्रत्येक कंपनीला एक शीट. वर पाच रकाने: मेंटेनन्स, सँड लॅब, प्रॉडक्शन, मालक, पर्चेस, आणि प्रत्येकाखाली त्याला काय खुपतं ते त्याच्याच शब्दात लिहायचं. तीन नंबरच्या शीटवर अजून पाचही मोकळे आहेत 😐

वाळूमास्तर

त्याच्याच शब्दात, हे फार बेस्ट केलंत.

मीनलताई, स्कोअर तुमचा असू दे, पण मोजायचं समोरच्याच्या हालचालीवर. आपण किती मेल केले, किती भेटी दिल्या हे मोजून काही कळत नाही. त्यानं आपणहून पॅनेलचा फोटो पाठवला का? दुसऱ्या भेटीला दुसऱ्या डिपार्टमेंटचा माणूस सोबत आणला का? शटडाऊनची तारीख सांगितली का? यातलं एक जरी झालं तरी दार किलकिलं झालं समजा. तीन भेटीत यातलं काहीच नाही, नुसता चहा आणि "बघू" असेल तर ती कंपनी सहा महिने बाजूला ठेवायची आणि चौथी उचलायची. चहावर फार जण फसतात. आपल्याकडं चहा सगळ्यांनाच देतात.

न_साखरसम्राट

कारखान्यात नोकरीला आहे म्हणून दोन शब्द. यादीतले दोन साखर कारखाने तुम्ही फाउंड्रीसारखे धरू नका. गाळप सुरू असताना कुणाला तुमच्याशी बोलायला वेळ नाही असं सगळे म्हणतात, पण नेमकं तेव्हाच जानेवारी-फेब्रुवारीत येऊन जा, कारण काय बिघडतंय ते तेव्हाच दिसतं. सीझन संपला की एप्रिलपासून ऑफसीझनच्या कामाच्या याद्या निघतात, तोवर तुमचा विषय चीफ इंजिनिअरच्या वहीत असला पाहिजे. जूनमध्ये ब्रोशर घेऊन आलात तर यादी छापून झालेली असते. आणि सहकारी असेल तर टेंडर, परचेस कमिटी, संचालक मंडळ. इन्स्ट्रुमेंटवाल्यानं "हो" म्हटलं म्हणजे फक्त सुरुवात. पैसे येतात, पण धीर पाहिजे.

पॅनेलवाला

मग दोन्ही कारखाने डिसेंबरपर्यंत बाजूला. प्रोसेस हाऊस आणि डेअरी पण तूर्त बाजूला. तीन फाउंड्र्या धरतो. तीन नंबरला हा मेसेज टाकतोय मेंटेनन्सवाल्याला, बघा कसा वाटतो:

"नमस्कार साहेब, मी गोकुळ शिरगावातून, स्मॅकच्या कार्यक्रमात भेटलो होतो. आम्ही फाउंड्रीतल्या पॅनेलच्या प्रोग्रॅमचे बॅकअप घेऊन देतो. तुमच्या सँड मिक्सरच्या पीएलसीचा बॅकअप सध्या तुमच्याकडे आहे का? नसेल तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येऊन चार पॅनेलचं करून देऊ. गुरुवारी सकाळी साडेआठला दहा मिनिटं भेटू का?"

उद्यमनगरी

झकास. "आमची कंपनी अमुक वर्षांपासून अग्रगण्य" वगैरे काही नाही हे बघून बरं वाटलं. "भेटलो होतो" काढा मात्र, तुम्ही फक्त बघितलंय. तो विचारेल कधी भेटलो.

पॅनेलवाला

बरोबर, काढलं.

(पाच आठवड्यांनी)

पॅनेलवाला

मंडळी, अपडेट देतो, थोडं मोठं आहे.

मेसेजला दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री सव्वाअकराला त्याचा फोटो आला, मिक्सरच्या पॅनेलचा, दार उघडं, आत धूळ एवढी की कार्डांचे नंबर वाचता येईनात, आणि खाली एकच ओळ: "याचा निघेल का". वाळूमास्तर, मला तुमचं वाक्य आठवलं, फोटो आला म्हणजे दार किलकिलं.

गेलो. पीएलसी एफएक्स२एन निघालं, म्हणजे बॅटरीचा विषय खरा होता, लाल दिवा लागलेला आणि कुणाचं लक्ष नाही. आधी बॅकअप घेतला, मग पॉवर चालू ठेवूनच बॅटरी बदलली. बारा हजाराची पीओ, त्याच्याच सहीनं. व्हेंडर कोड मिळाला.

त्या दिवशी मिक्सरजवळ उभा होतो तेव्हा लॅबचा पोरगा नमुना न्यायला आला. त्याचं रजिस्टर बघितलं. कॉम्पॅक्टेबिलिटी, म्हणजे वाळू दाबल्यावर किती टक्के बसते ते, दर तासाला लिहिलेली, ४०, ४१, ४०, ४०, ४१, महिनाभर. एकाच पेनानं, एकाच हातानं, बहुतेक एकाच वेळी बसून. मी काही बोललो नाही. फक्त म्हटलं, तुझ्यासोबत बारा बॅच मोजू का, मला शिकायचंय. बारा बॅचमध्ये ३६ पासून ४७ पर्यंत आकडे आले. ४७ आला तो जेवणाच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या बॅचला.

वाळूमास्तर

हे सोनं सापडलंय तुम्हाला. कारण कळलं का?

पॅनेलवाला

मला वाटलं ऑपरेटर जेवून आल्यावर पाणी जास्त सोडतो.

वाळूमास्तर

तो नाही सोडत, टायमर तेवढंच सोडतो आणि तिथंच घोटाळा आहे. लाईन चालू असताना परत येणारी वाळू गरम असते. त्यातलं बरंच पाणी मिक्सरमध्येच आणि पुढं बेल्टवर वाफ होऊन जातं, म्हणून ऑपरेटरनं टायमर थोडा जास्त लावून ठेवलाय. जेवणाच्या अर्ध्या तासात हॉपरमधली वाळू निवते. आता पाणी तेवढंच पण उडतं कमी, म्हणून बॅच ओली, कॉम्पॅक्टेबिलिटी वर. नंतर परत गरम वाळू आली की कोरडी. ओल्या बॅचला ब्लोहोल आणि पिनहोल, कोरड्याला कडा सुटतात, वाळू धुपते.

पण आता घाई करू नका, इथंच ऑटोमेशनवाले तोंडघशी पडतात. मॉइश्चर कंट्रोलर विकायच्या आधी परत येणाऱ्या वाळूचं तापमान मोजा, दिवसभर. पन्नासच्या बरंच वर जात असेल आणि सँड कूलर नसेल किंवा बंद पडलेला असेल, तर तुमचा कंट्रोलर कितीही भारी असला तरी मोल्डिंगपर्यंत जाईतो वाळू सुकणारच. मग तीन महिन्यांनी म्हणतील पैसे पाण्यात. प्रोबवर वाळू चिकटून रीडिंग सरकतं ते वेगळंच, रोज पुसायची जबाबदारी कुणाची हे आधी ठरवायचं.

पॅनेलवाला

मोजलं. पुढच्या आठवड्यात दोन दिवस, दर अर्ध्या तासाला. सकाळी ३४-३५ पासून सुरू, दुपारी चारपर्यंत ५२. कूलर आहे पण त्याच्या ब्लोअरचा बेल्ट सैल, चालतोय नुसता नावाला. मी त्यांना तसंच सांगितलं, आधी बेल्ट बदला, माझं काम नंतर. मेंटेनन्सवाला दोन मिनिटं माझ्याकडं बघत राहिला. पुढच्या भेटीला तो लॅबवाल्याला आणि मालकाच्या मुलाला घेऊन बसला.

मीनल_पुणे

शीटवर रकाने भरले की हो! मग आकड्यात कसं मांडलंत?

पॅनेलवाला

तिथं मी जरा वाहवलो होतो, वाळूमास्तरांनी फोनवर ओढून आणलं जमिनीवर. मुलानं त्यांचे आकडे दिले: महिन्याला ३८० टन, वाळूमुळं म्हणून जे रिजेक्शन धरतात ते १.८ टक्के, म्हणजे पावणेसात टनांच्या आसपास. माल परत भट्टीत जातोच, त्यामुळं विक्रीचा भाव धरायचा नाही, त्यांच्या कॉस्टिंगप्रमाणं किलोला २२ रुपये वाया जातात. महिन्याला दीड लाख होतात. मी म्हणणार होतो निम्मं वाचवतो, साडेसहा लाखाचं काम नऊ महिन्यांत वसूल.

वाळूमास्तर

आणि मी म्हटलं तिसरा हिस्सा सांगा, वसुली तेरा महिने. ब्लोहोल काय फक्त पाण्यानं येत नाहीत. कोअरमधून गॅस असतो, व्हेंटिंग असतं, मेटलचं तापमान असतं, आणि डस्ट कलेक्टर नीट ओढत नसेल तर वाळूत बारीक धूळ वाढून पाणी जास्त लागायला लागतं. त्या १.८ मधलं सगळं तुमच्या पॅनेलनं सुटणार नाही. निम्मं म्हणालात आणि तिसरा हिस्सा दिलात तर तुम्ही खोटे. तिसरा म्हणालात आणि निम्मं दिलंत तर पुढच्या कंपनीत तेच तुमच्याबद्दल बोलतील.

शिरोलीकर

तेरा महिने ऐकून मालक म्हणेल राहू दे. निम्मंच सांगायला पाहिजे होतं, सगळेच सांगतात.

पॅनेलवाला

तेरा सांगितलं. मुलगा म्हणाला चालेल, वडील म्हणाले दिवाळीच्या शटडाऊनला बघू. पेंडिंग आहे. आणि आता खरी गंमत, पर्चेसनं टर्म्स पाठवल्या, ९० दिवस क्रेडिट.

सीए_कट्टा

आता माझी एंट्री बरोबर जागी 😀 तुम्ही मायक्रो, त्यामुळं करारात ९० लिहिलं तरी कायद्यानं ४५ च्या वर जात नाही. उद्यमचा नंबर कोटेशनवर आणि इन्व्हॉइसवर ठळक छापा. त्यांचा ऑडिटरच मार्चमध्ये पर्चेसच्या मागं लागेल.

सुताचा_धागा

सीए साहेब, कागदावर बरोबर. आमच्याकडं दोघांनी उद्यमचं सर्टिफिकेट बघून सरळ म्हटलं, मग तुमच्याकडून नको, मोठ्याकडून घेतो. पहिल्याच कामाला कायदा दाखवायचा का हा प्रश्न आहे.

वाळूमास्तर

तीस टक्के अ‍ॅडव्हान्स मागा, कंट्रोलर आणि प्रोबचं मटेरियल येईल एवढा, चाळीस मटेरियल पोचल्यावर, बाकीचं चालू झाल्यावर ४५ दिवसांत. ९० चा शब्दच काढू नका.

उद्यमनगरी

एक सुचवतो. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, त्या दिवशी मालक स्वतः शॉपवर असतो, टाय-बिय नाही, मोकळा बसलेला. दिवाळीच्या कामाची आठवण करायला त्यापेक्षा चांगला दिवस नाही. ब्रोशर नको, पेढे न्या.

पॅनेलवाला

हे पक्कं. बाकी दोन फाउंड्र्यांचं सांगतो: चार नंबरला तीन भेटी झाल्या, नुसता चहा, फोटो नाही, तारीख नाही, दुसरा माणूस नाही. बाजूला ठेवली. पाच नंबरला बॅकअपला गेलो तर सगळ्या पॅनेलचे बॅकअप त्यांच्याकडं आधीच व्यवस्थित, दोन प्रतीत, कपाटात लेबल लावून. मी गप्प बसलो. तिथं काय विषय काढावा कळेना झालंय.

वाळूमास्तर

ज्याचं कपाट एवढं नीट आहे त्याच्याकडं स्वतःची माणसं चांगली आहेत. त्याला तुम्ही नकोय, त्याला जादा हात पाहिजे असतात शटडाऊनला. त्याला विचारा, दिवाळीत किती पॅनेल उघडणार आहात.

पॅनेलवाला

पण मग दिवाळीत तीन नंबर पण आहे, आणि प्रोग्रॅमिंगला माझ्याकडं माणसं दोनच.

शिरोलीकर

आता कळलं दहा कंपन्या म्हंजे काय ते 😄